एकोणतीस तारीख कुणाची

रुग्णाचे नाव, वय

ललिता सीताराम परब. एकसष्ट.

लतिकाने लिहून घेतलं. परळच्या त्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाला लागून, 'विमा कक्ष' अशी पाटी असलेल्या काचेच्या खोपटात ती बसते आणि दिवसभर हाच फॉर्म भरते. शनिवार, अठ्ठावीस फेब्रुवारी. सकाळचे सव्वादहा.

घाई अशी नव्हती. ललिताबाईंच्या हृदयाची डावीकडची झडप बदलायची होती, पण ती पुढच्या गुरुवारी. आज नुसत्या तपासण्या आणि कागद. त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या, हातरुमाल मुठीत धरून, इकोच्या खोलीतून हाक यायची वाट बघत. आत काउंटरपाशी त्यांची मुलगी इरावती उभी होती. तिच्या मागे तिचे वडील सीताराम परब, ज्यांना घरात आणि लालबागच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये अण्णा म्हणतात.

पॉलिसी क्रमांक

लतिकाने क्रमांक टाकला. पुन्हा टाकला. मग स्क्रीन इरावतीकडे वळवली. लाल अक्षरांत लिहिलं होतं की ही पॉलिसी चालू नाही.

इरावतीने वळून अण्णांकडे पाहिलं. अण्णा शांत होते.

"चालू नाहीच आहे," ते म्हणाले. "ग्रेसमध्ये आहे. सोमवारी भरणार."

हप्ता वेळेत न भरल्यास कारण

असा रकाना फॉर्मवर नाही. पण उत्तर द्यावं लागेल.

अण्णांनी बॅलार्ड पिअरच्या एका शिपिंग कंपनीत चौतीस वर्षं डिस्पॅच क्लार्कचं काम केलं. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. आयुष्यात त्यांनी कुठल्याही गोष्टीचा दंड भरला नाही, आणि कुठलीही गोष्ट मुदतीच्या आधी भरली नाही. विजेचं बिल असो, सोसायटीचा मेन्टेनन्स असो की स्वतःचा आयुर्विमा, सगळं शेवटच्या दिवशी. शेवटची तारीख हीसुद्धा तारीखच असते, तिला कमी का लेखायचं, असं त्यांचं म्हणणं. जानेवारीत इरावती म्हणाली होती की मी फोनवरून दोन मिनिटांत भरते. अण्णा म्हणाले, तुझं ऑफिस तू बघ, हे माझ्याकडे आहे.

हिशोब त्यांनी केला होता. आयुर्विम्याच्या पंचवीस वर्षांच्या सवयीने केला होता. तिथे ग्रेस, म्हणजे देय तारीख उलटल्यावर मिळणारी सवलत, एक महिना, तारखेपासून तारखेपर्यंत. या पॉलिसीची देय तारीख एकोणतीस जानेवारी. फेब्रुवारीला एकोणतीस तारीखच नाही, म्हणजे एक मार्च. एक मार्चला रविवार. आयुर्विम्याला रविवार आला की दुसऱ्या दिवशी भरलेलं चालतं. म्हणजे दोन मार्च, सोमवार. कॅलेंडरवर त्या चौकोनात त्यांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'ललिता. मेडिक्लेम.'

लतिकाने पेन खाली ठेवलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. आवाज न चढवता, रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं अशा सुरात.

पहिली. आरोग्य विम्याला महिना नसतो, तीस दिवस असतात. वार कुठला हे तुमच्या पॉलिसीत बघितलं जात नाही, मोजून तीस.

दुसरी. आयुर्विम्यात ग्रेसमध्ये माणूस गेला तरी घरच्यांना पैसे मिळतात. इथे तसं नाही. वर्षाचा हप्ता एकदम भरायची पॉलिसी असेल तर या तीस दिवसांत संरक्षण बंदच असतं. ग्रेसचा उपयोग एवढाच की तेवढ्यात भरलंत तर तुमची मागची वर्षं पुसली जात नाहीत.

"आणि नाही भरलं तर?" इरावतीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

आजार कधीपासून आहे

लहानपणापासून. मालवणात, नवव्या वर्षी, ताप आणि सांधे सुजलेले. त्या तापाने झडप अरुंद करून ठेवली, हे पन्नाशीत कळलं.

तीस जानेवारी दोन हजार तेवीसला पॉलिसी घेतली तेव्हा ललिताबाईंनी हे सगळं अर्जात खरं लिहिलं. एजंट उन्मेष म्हणाला होता, मावशी, लिहू नका, कोण बघतंय. ललिताबाई चिंचपोकळीच्या बालवाडीत सत्तावीस वर्षं शिकवत होत्या. खोटं लिहिलं की मग ते लक्षात ठेवावं लागतं, एवढंच त्या म्हणाल्या. कंपनीने पॉलिसी दिली, पण अटीवर. सलग तीन वर्षं हृदयासाठी काही मिळणार नाही. चौथ्या वर्षापासून सगळं मिळेल.

मग तीन वर्षं त्यांनी ती झडप जपून वापरली. लिफ्ट बंद असली तर त्या दिवशी खाली उतरायचं नाही. गणपतीत एकाच घरी जायचं. रात्री तीन उशा. डॉक्टर गेल्या वर्षापासून ऑपरेशन करा म्हणत होते. त्यांना गोळ्यांवर थोपवून धरलं. तीन वर्षं एकोणतीस जानेवारीला, मध्यरात्री, पूर्ण झाली.

आता मुदत हुकली तर नवा अर्ज. इतक्या बिघडलेल्या झडपेच्या नव्या अर्जाला कुठलीही कंपनी हो म्हणणार नाही. म्हटलंच तर पुन्हा पहिल्या वर्षापासून.

बाहेर बाकावर ललिताबाई शेजारच्या बाईला विचारत होत्या की पाणी पिऊन इको करतात की न पिता.

(या चौकोनात काही लिहू नये)

इरावतीने ईसीजीच्या पाकिटावर लिहिलं.

जाने ३०, ३१. दोन.
फेब्रु १ ते २८. अठ्ठावीस.
तीस.

म्हणजे आज. आजचा दिवस शेवटचा. सोमवार नव्हे.

तिने तिथेच फोनवर कंपनीचं ॲप उघडलं. क्रमांक, जन्मतारीख, ओटीपी. 'नूतनीकरण' हे बटण करडं पडलं होतं, दाबलं जात नव्हतं. खाली एक ओळ: वाढीव मुदत २७/०२ रोजी संपली. कृपया शाखेशी संपर्क साधा.

काल.

अण्णांची तारीख परवा. ॲपची काल. तिची आज. तिने पाकिटावर पुन्हा मोजलं, या वेळी एकोणतीस जानेवारीपासून सुरू करून, आणि सत्तावीसवर येऊन थांबली. ॲपने देय तारखेलाच पहिला दिवस धरलं होतं. भानगड एवढ्या एका दिवसाची होती.

उन्मेषला फोन लावला. तो शिमग्याला गावी गेला होता. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

दादरच्या शाखेत फोन लागला. शनिवारी एकपर्यंत, एवढं सांगून कुणीतरी ठेवून दिला.

सध्याची लक्षणे

इकोच्या टेबलावर ललिताबाईंना आडवं होता येईना. तंत्रज्ञ बाईने दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा त्या उठून बसल्या आणि दोन्ही हात टेबलाच्या कडेला टेकवून श्वास ओढू लागल्या. अकरा वाजता त्या कॅज्युअल्टीत होत्या, नाकावर ऑक्सिजन, हातात सुई. ड्युटीवरची डॉक्टर पंचविशीतली, केस वर बांधलेले, बोलणं भराभर. फुप्फुसात पाणी जमतंय, इंजेक्शन दिलंय, तासाभरात उतार पडला तर ठीक, पण मला आत्ताच ॲडमिट केलेलं आवडेल. वर आयसीयूत एक खाट आहे. आयपीडी नंबर काढून आणा.

आयपीडी नंबर म्हणजे दाखल झाल्याचा नंबर. तो निघाला की संगणक तारीख आणि वेळ टाकतो.

इरावती नंबर काढायच्या खिडकीकडे निघाली तेव्हा लतिका तिच्या मागून आली आणि तिने तिला खांबाआड घेतलं.

"हे मी तुला सांगितलं असं कुठे बोलू नकोस," लतिका म्हणाली. "कॅज्युअल्टीत ठेवलंय तोवर दाखल नाही धरत. नंबर निघाला की दाखल. हप्त्याच्या पावतीवर वेळ असते, तिथून पुढे संरक्षण. नंबर आधी आणि पावती नंतर झालं, तर या ॲडमिशनचा खर्च तुमच्या खिशातून. मधल्या काळातला."

"आईला त्रास होतोय."

"माहितीय. उपचार थांबत नाहीत तिथे, ऑक्सिजन, इंजेक्शन सगळं देतात. पण आयसीयू नंबराशिवाय नाही. किती वेळ थांबायचं ते तुम्ही आणि डॉक्टर ठरवा. मी नुसतं तारखेचं सांगितलं."

इरावतीने डॉक्टरला जाऊन विचारलं, किती वेळ आहे. डॉक्टर म्हणाली, मला ठाऊक नाही, कुणालाच नसतं.

मग तिने अण्णांना दाराबाहेर घेतलं. तिला ओरडायचं होतं, ती ओरडली नाही. मी शाखेत जातेय, पावती मिळाली की फोन करते, तोवर नंबर काढू नका. त्यांना शब्दाला शब्द जोडून पुन्हा म्हणायला लावलं, लहान मुलाला रस्ता ओलांडायचे नियम म्हणायला लावतात तसं. अण्णांनी म्हटलं. त्यांचा चेहरा त्या वेळी कसा होता हे तिने पाहिलं नाही. अकरा वीस.

रुग्णासोबत असलेल्या व्यक्तीकडून आलेले संदेश

११.३१. ऑक्सिजन ९२. झोपत नाही. बसून आहे.

११.४०. इंजे. दुसरे दिले. लघवी झाली.

११.४४. ती विचारते तू कुठे. दादरला म्हटले.

११.५२. ९१.

११.५३. माझी चूक आहे हे मला माहीत आहे.

इरावतीने शेवटच्याला उत्तर दिलं नाही. टॅक्सी हिंदमाताच्या पुढे कशीबशी सरकली आणि टिळक पुलाच्या तोंडाशी अडकली. परळचा पूल पाडल्यापासून पलीकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या याच पुलावर येतात. तिने टॅक्सी सोडली आणि पूल चालत ओलांडला, फुलबाजाराच्या ओल्या बाजूने, पिचकाऱ्यांच्या माळांखालून. बाराला पाच कमी असताना ती दुसऱ्या मजल्यावरच्या शाखेत पोचली.

शाखा कार्यालयाचा अभिप्राय

शाखेत शनिवारचे दोघंच. दाराशी शिपाई, आणि टेबलामागे हर्षवर्धन नावाचा अधिकारी, तिच्याच वयाचा, गळ्यात ओळखपत्र, समोर अर्धं खाल्लेलं सँडविच. तिने सगळं एका दमात सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, क्रमांक टाकला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. आज दुसऱ्यांदा तिच्याकडे कुणी स्क्रीन वळवत होतं.

सत्तावीसला संपलीय, मॅडम. काल आला असतात तर. आता नवीन प्रपोजल, मेडिकल वगैरे.

ती म्हणाली, दिवस चुकीचे मोजलेत.

तो म्हणाला, सिस्टीम मोजते, मी नाही.

इरावती एका आयटी कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करते. नोकरी सोडणाऱ्यांचे नोटीसचे दिवस मोजणं हा तिच्या कामाचा भाग. राजीनामा दिला तो दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, यावर तिने माणसांशी तासन्‌तास वाद घातलेत. तिने पॉलिसीची पुस्तिका पिशवीतून काढली. अण्णांनी तिला खाकी कव्हर घातलं होतं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. व्याख्यांच्या पानावर बोट ठेवून तिने वाचलं: वाढीव मुदत म्हणजे देय तारखेच्या लगेच नंतर येणारे तीस दिवस.

हर्षवर्धनने वाचलं. मान हलवली. म्हणाला, बरोबर, पण हे बघा. देय तारीख एकोणतीस. एकोणतीसला तुम्ही पैसे द्यायला हवे होते, दिले नाहीत. म्हणजे तुमचा हप्ता एकोणतीसलाच थकला. तिथून तीस.

बारा नऊ. टेबलावर तिचा फोन पालथा होता. तो थरथरला. तिने तो उलटा केला नाही.

"एकोणतीस जानेवारीला माझी आई पडली असती," ती म्हणाली, "तर तुम्ही क्लेम दिला असता का?"

"एकोणतीसला... हो. पॉलिसी एकोणतीसच्या मध्यरात्रीपर्यंत होती."

"म्हणजे एकोणतीस तारीख आमची होती. तिचे पैसे आम्ही गेल्या वर्षी भरलेत. भरलेला दिवस तुम्ही सवलतीत परत कसा मोजता? एक दिवस एकाच वेळी विकत घेतलेला आणि उधारीचा कसा असेल?"

त्याने टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं, आणि पेनाच्या टोकाने, ओठ हलवत, मोजू लागला. तीस जानेवारी, एक. एकतीस, दोन. फेब्रुवारीचा पहिला रविवार, तीन. ती त्याच्या पेनाकडे बघत होती. शेवटच्या ओळीत, शनिवारच्या चौकोनात, पेन थांबलं.

"आजचा आहे," तो म्हणाला. कौतुकाने नव्हे. वैतागून. कारण आता त्याला काम होतं.

वितंडवाद घालायचा असता तर तिच्याकडे अण्णांची तारीखही होती, महिना आणि रविवार आणि सोमवार. ती तिने काढली नाही.

सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी

सिस्टीममधली बंद झालेली नूतनीकरणाची खिडकी शाखेतून उघडत नाही. अंधेरीला, मुख्य कार्यालयात, नूतनीकरण विभागात उघडते. हर्षवर्धनने मेल लिहिला, व्याख्येच्या पानाचा फोटो जोडला, कॅलेंडरचाही जोडला. मग फोन केला. तिकडे शनिवारची एकच बाई होती आणि ती जेवायला गेली होती.

बारा वीस.

त्याने पुन्हा फोन केला. ती जेवायला गेली होती.

थांबता थांबता त्याने एक कागद पुढे केला. खंड पडलेल्या पॉलिसीला हा लागतो, म्हणाला. तीस जानेवारी ते आजच्या पावतीची वेळ, या काळातल्या कुठल्याही ॲडमिशनचा दावा करणार नाही, असं लिहून द्यायचं. ते नाहीतरी मिळत नाहीच, पण लिहून द्यायचं. मग त्याने विचारलं, पेशंट आत्ता कुठे आहेत?

इरावतीला घरी म्हणता आलं असतं.

"कॅज्युअल्टीत," ती म्हणाली. "अजून दाखल नाही केलं."

तो म्हणाला की दाखल असल्या तरी नूतनीकरण होतं, त्याने अडत नाही, अडते ती फक्त ती एक ॲडमिशन. एवढं बोलून त्याने तिसऱ्यांदा फोन लावला आणि या वेळी, आवाज खाली आणून, मराठीतून हिंदीत जाऊन, अरे यार, किसी का बायपास रुका है, असं म्हणाला. बायपास नव्हतं. तिने दुरुस्त केलं नाही. सही केली.

रुग्णासोबत असलेल्या व्यक्तीकडून आलेले संदेश (पुढे चालू)

१२.०९. ९०.

१२.१८. डॉक्टर दोनदा विचारून गेली.

१२.२६. झाले का

१२.३३. ८७

यानंतर संदेश नाही.

दाखल करण्यास संमती देणाऱ्याचे नाव व नाते

सीताराम कुशाबा परब. पती.

इथे काय घडलं ते इरावतीने पाहिलेलं नाही. जे आहे ते लतिकाने नंतर सांगितलं त्यातून, आणि अण्णांनी सांगितलं नाही त्यातून.

ललिताबाई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. अण्णा समोर, त्यांचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेऊन. चाळीस वर्षांत असं ते चार माणसांत कधी बसले नव्हते. थकल्या की ललिताबाई मालवणीत बोलतात. त्या म्हणाल्या, माका जरा बरा वाटता, तुमी बसा. बोलताना त्यांचे ओठ जांभळे होते. पुढचं वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं, आणि मान अण्णांच्या खांद्यावर जड झाली.

डॉक्टर म्हणाली, काका, आता तुमच्यासाठी थांबत नाही मी.

अण्णांच्या हातात फोन होता. इरावतीचा नंबर उघडलेला. त्यांनी तो लावला नाही. लावला असता तर ती काय म्हणाली असती ते त्यांना माहीत होतं, आणि नव्हतंही. कदाचित म्हणूनच नाही लावला. ते नंबर काढायच्या खिडकीपाशी गेले. पुढे माणसं होती, चार. अण्णा रांग मोडून पुढे गेले. फॉर्म त्यांनीच भरला, त्या जुन्या, टोकदार, डिस्पॅचच्या अक्षरात. सही केली. संगणकाने वेळ टाकली.

बारा बेचाळीस.

दाखल होण्याची वेळ / पावतीची वेळ

१२.४२ / १२.५८

अंधेरीची बाई जेवून आली. खिडकी उघडली. इरावतीने कार्ड ओढलं, पिन दाबला, प्रिंटरने दोन कागद सोडले. हर्षवर्धनने त्यावर शिक्का मारला आणि वेळेच्या खाली पेनाने रेघ ओढली. ती जिन्यातच होती तेव्हा तिने अण्णांना फोन केला. पावती मिळाली, काढा नंबर.

अण्णा म्हणाले, काढला.

किती वाजता?

त्यांनी सांगितलं.

ती पायरीवर बसली. वरून शिपाई शटर ओढत होता, त्याला वाट देण्यासाठी पुन्हा उठली.

दुरुस्ती असल्यास

दीड वाजता ती विमा कक्षात उभी होती, पावती काउंटरवर सपाट करून धरलेली. सोळा मिनिटं, ती लतिकाला म्हणाली. नुसती सोळा. खिडकीवरचा माणूस तुझ्या ओळखीचा असेल.

लतिकाने पावतीवरची वेळ वाचली.

"समजा वेळ बदलली," ती म्हणाली. "कॅज्युअल्टीच्या कागदावर डॉक्टरने लिहिलंय, पावणेएकला आयसीयूत हलवलं. कंपनीचा माणूस येतो, सगळे कागद मागतो. एक वेळ खोटी निघाली की ही ॲडमिशनही जाईल आणि पॉलिसीच रद्द करतील. मग झडप कुठून बदलशील?"

इरावतीने काउंटरवरची पावती उचलून पिशवीत ठेवली.

मग लतिकाने नवीन कोरा फॉर्म घेतला, पालथा घातला आणि त्याच्या मागच्या बाजूला लिहून दाखवलं. तीन वर्षं शाबूत, कारण हप्ता तिसाव्या दिवशी पोचला. आजची ॲडमिशन खंडातली, तिचा खर्च तुमचा तुम्ही भरायचा. पाणी उतरलं की घरी सोडतील, सहा-सात दिवसांनी. मग ऑपरेशनसाठी पुन्हा दाखल व्हाल ती वेगळी ॲडमिशन, चालू पॉलिसीतली. तेव्हा आजचं डिस्चार्ज कार्ड आपणहून जोडायचं, काही झाकायचं नाही. झडप तुम्ही पहिल्याच दिवशी लिहून दिलेली आहे, त्यामुळे त्यांना नाही म्हणायला जागा नाही.

"वेळ लागेल. भांडावंही लागेल थोडं," लतिका म्हणाली. "पण होईल."

नातेवाइकाची सही

आयसीयूच्या बाहेर अण्णा उभे होते. बाकावर जागा होती, तरी उभे. इरावती जवळ आली तेव्हा ते आधीच बोलू लागले. मी काही विचारलं नाही तुला, विचारायला हवं होतं, तू तिकडे भांडत होतीस. आणि पुढे काहीतरी दोन तारखेबद्दल, कॅलेंडरबद्दल.

तिने वाटेत, टॅक्सीत, सगळी वाक्यं तयार करून आणली होती. जानेवारीपासूनची. दोन मिनिटांत मी भरलं असतं हे पहिलं वाक्य होतं.

"सोळा मिनिटं, अण्णा," ती म्हणाली.

"निळी पडली होती ती."

एवढंच. समर्थन म्हणून नाही, आवक कागदावरची नोंद वाचून दाखवावी तसं. आतून एक नर्स आली, परबांचं कोण, म्हणाली. मास्क लावलाय, आता चौऱ्याण्णव आहे, डॉक्टर संध्याकाळी बोलतील. एकेकाने काचेतून बघा.

अण्णांनी इरावतीला पुढे केलं. काचेपलीकडे तिची आई उशीला टेकून, अर्धी बसलेली. मास्कच्या वरून डोळे उघडे. तिने हात जरासा उचलला आणि बोटं फिरवली. त्याचा अर्थ जेवलात का असाही होता आणि झालं का असाही असावा. इरावतीने दोन्हींसाठी मान हलवली.

ती परत आली तेव्हा अण्णांनी विचारलं, आवाज अगदी खाली आणून, जणू उत्तर देणारा दुसऱ्या खोलीत आहे. "ऑपरेशन धरतात का मग? ते तरी?"

"धरतात."

"तीन वर्षं?"

"धरली."

अण्णांनी डोळे पुसले नाहीत. त्यांनी मागे हात नेऊन बाक कुठे आहे ते चाचपलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसले. थोड्या वेळाने इरावतीही बसली, मधे एक जागा सोडून. मग जवळ सरकली, तीही जागा सोडली नाही.